तवंदीच्या घाटात हीटर गार पडला त्याची गोष्ट

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीची गाडी मी रात्रपाळीत चालवतो. रात्री नऊला ओतकामाचे जॉब भरायचे, कागलच्या एमआयडीसीत उतरवायचे, रिकामी पोती आणि पॅटर्न घेऊन पहाटेच्या आत बेळगावला परत यायचं. हा रस्ता मला इतका पाठ आहे की संकेश्वर आलं हे मला चहाच्या वासावरून कळतं. पण जानेवारीतल्या एका रात्रीनं या रस्त्याला आणि माझ्या गाडीला मी किती ओळखतो, ते दाखवून दिलं.

निपाणी सोडली तेव्हा अडीच वाजून गेले होते. मोबाईलवर ११ अंश. दिल्ली-शिमल्याची माणसं हसतील, पण आमच्या भागात ११ अंश म्हणजे घोंगडी. त्यात कागलला पोती उघड्यावर पडली होती, दवानं भिजलेली. ती मागे टाकून काचा लावल्या आणि हीटर सुरू केला. निपाणीपर्यंत छान ऊब होती, तंबाखूच्या वखारींचा तो ओळखीचा उग्र वास आत आला तेव्हा मी पायातले बूटसुद्धा सैल केले होते.

तवंदीचा घाट चढायला लागलो आणि पायावर येणारी हवा कोमट झाली, मग गार. पंख्याचा आवाज तसाच, हवा तितक्याच जोरात. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? फ्यूज. प्रत्येक ड्रायव्हरचा पहिला संशयित फ्यूजच असतो. पण फ्यूज गेला असता तर पंखाच बंद पडला असता ना. पंखा चालू आणि हवा गार, याचा अर्थ हीटरच्या जाळीत गरम पाणी पोचत नाही. गाडीचा हीटर काही वेगळी शेगडी नसते. इंजिनाभोवती फिरून तापलेलं कुलंटचं पाणीच दोन नळ्यांतून डॅशबोर्डामागच्या जाळीत येतं आणि पंखा त्यावरून हवा सोडतो. पाणी कमी झालं की तिथल्या नळ्यांत हवा शिरते आणि बऱ्याचदा हीटरच सगळ्यात आधी उपाशी राहतो.

मी गिअर एक खाली घेतला. इंजिनाचे फेरे वाढले तशी हवा पुन्हा थोडी गरम झाली, पाय सैल सोडला की गार. आणि डॅशबोर्डामागून बाटलीतून पाणी ओतल्यासारखा गुडगुड आवाज. मग इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. नेहमी अर्ध्याच्या थोडा खाली असतो, आता अर्ध्याच्या काडीभर वर.

काटा उलट खाली पडला असता तर इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट उघडा अडकलाय असं समजलो असतो. तेव्हा इंजिन नीट तापतच नाही, हीटर कोमट राहतो, डिझेल जरा जास्त जातं, पण गाडी घरी येते. गार हवा आणि चढणारा काटा हे दोन्ही एकत्र दिसले म्हणजे पाणी जातंय. बाहेर ११ अंश असले तरी आत इंजिन उकळू शकतं. शिवाय काट्यावरही फार विश्वास ठेवायचा नाही. पाण्याची पातळी सेन्सरच्या खाली गेली की सेन्सर नुसती वाफ किंवा हवा मोजतो आणि काटा खोटं बोलतो.

तेवढ्यात समोरची काच धुरकटली. माझा श्वास, मागची ओली पोती आणि गार काच. मी तळव्यानं पुसली, ती चूक. तळव्याचं तेल लागून समोरून येणाऱ्या ट्रकचा एक दिवा चार दिवे झाला. एरवी अशा वेळी मी एसी लावतो. एसीतून जाताना हवेतला ओलावा गळून पडतो आणि काच लवकर साफ होते. पण एसीचा भार इंजिनावर येतो, कंडेन्सरची गरमी रेडिएटरवर येते, आणि इथं काटा आधीच वर. म्हणून एसी नको. हवेची खटकी बाहेरच्या हवेवर ढकलली आणि दोन्ही बाजूच्या काचा दोन-दोन बोटं खाली केल्या. बाहेरची हवा गार असली तरी आतल्या दमट हवेपेक्षा कोरडी होती. मिनिटभरात काच उघडली. माझे कान मात्र गारठले.

घाटात वळणावर थांबणं म्हणजे मागच्या ट्रकला आमंत्रण. काटा लालात गेला असता तर तिथंच डाव्या कडेला लागलो असतो, त्रिकोण बराच मागे ठेवला असता आणि स्वतः कठड्यापलीकडे जाऊन उभा राहिलो असतो. पण माथा किलोमीटरभर राहिला होता, काटा तिथंच होता. इंजिनाला ताण न देता, खालच्या गिअरात, डावीकडून सावकाश चढलो. माथ्यावर एक चहाची टपरी जागी होती, पुढे दोन ट्रक उभे. रस्त्यापासून पूर्ण आत घेऊन गाडी बंद केली.

टपरीवाले काका गॅसच्या उजेडात कानडीत म्हणाले, "थंडी भाळ ऐतरी." म्हणजे थंडी फार आहे. मी म्हटलं, "ऐतरी काका, आणि गाडीतली ऊब पण संपली."

एका ट्रकचे ड्रायव्हर उतरून आले. साठीच्या पुढचे, संकेश्वरकडचे, मफलर डोक्याला बांधलेला. मी बॉनेट उघडून रेडिएटरच्या टोपणाला हात घालणार, तोच ओरडले, "अरे काय करायलास? तोंड भाजून घ्यायचंय काय? चहा पी आधी."

"मामा, कुलंटच्या बाटलीत पाणी आहे की. संध्याकाळीच बघितलंय."

त्यांनी टॉर्च बाटलीवर धरला आणि बाटली हलवली. आत काही हललं नाही. बाटलीत जुन्या कुलंटचा हिरवट डाग पडला होता, नेमका वरच्या रेघेपर्यंत. महिनाभर मी रोज संध्याकाळी त्या डागाला पाणी समजून समाधानानं बॉनेट लावत होतो. ही गोष्ट मी आमच्या सुपरवायझरना अजून सांगितलेली नाही.

पाऊण तास थांबलो. मामांनी फडकं घेऊन रेडिएटरची वरची नळी दाबून बघितली. पहिल्यांदा दगडासारखी होती, नंतर सैल पडली. मगच टोपणावर फडकं ठेवून थोडंसं फिरवलं, फुस्स आवाज जाऊ दिला आणि मग पूर्ण काढलं. आत पाणी दिसतच नव्हतं.

गळती शोधायला फार वेळ लागला नाही. इंजिनातून हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्यांपैकी एकीच्या क्लॅम्पपाशी पांढरट हिरवी पापडी जमली होती आणि त्याला लागून रबराला बोटभर चीर. "गाडी गार असली की रबर आखडतंय," मामा म्हणाले, "तेव्हा गळतंय. तापली की फुगून तोंड मिटतंय. म्हणून दिवसा तुला काही दिसत नव्हतं." आज घाटात दाब वाढला आणि चिरीनं तोंड मिटायचं सोडून दिलं.

चीर टेप लावून झाकता आली नसती, दाबाखाली टेप टिकत नाही. मामांनी केलं ते असं. चिरलेली नळी दोन्ही टोकांनी काढून टाकली. दुसऱ्या चांगल्या नळीचं हीटरकडचं टोक सोडवलं आणि ते वळवून इंजिनाच्या मोकळ्या तोंडावर बसवलं. म्हणजे इंजिनातून निघालेलं पाणी हीटरला न जाता यू आकारात परत इंजिनात. नळी कुठं मुडपत नाही ना हे बोटानं चाचपलं, क्लॅम्प आवळले. इंजिन वाचलं, हीटर त्या रात्रीपुरता मेला.

टपरीवरून साधं पाणी घेतलं. इंजिन अजून कोमट होतं म्हणून थोडं थोडं ओतलं, तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं तर धातूला तडा जाऊ शकतो. टोपण उघडं ठेवून गाडी चालू केली, बुडबुडे येत राहिले, पातळी खाली जाईल तसं भरत गेलो. अडीच लिटर गेलं. आमच्याकडे पाणी गोठायची भीती नाही, त्यामुळे घरी पोचण्यापुरतं साधं पाणी चालतं. नेहमीसाठी नाही, आतून गंज धरतो.

अजून साठ-पासष्ट किलोमीटर होते. काकांनी प्रेमानं एका घमेल्यात निखारे दिले, "पायापाशी ठेव की." त्यांचं मन मोडवत नव्हतं, पण नको म्हटलं. बंद गाडीत निखाऱ्याचा जो वायू साठतो त्याला ना वास ना रंग. झोप आली असं वाटतं आणि माणूस उठत नाही. त्याच कारणानं काचा लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणंही मी टाळतो. निखाऱ्यावर हात शेकले, घमेलं तिथंच ठेवलं. ओली पोती ताडपत्रीत गुंडाळून बांधली, म्हणजे आतला ओलावा तरी कमी. टपरीवरचे जुने पेपर शर्ट आणि जॅकेटच्या मध्ये छाती-पाठीला घातले, दोन पानं बुटात.

आता काटा जागेवर होता, त्यामुळे एसी लावता आला. ही गंमत ऐका: हीटर मेलेल्या गाडीत, जानेवारीत, पहाटे साडेचारला मी एसी लावून चाललोय. अंगाला झोंबत होतं, पण काच आरशासारखी. हिरण्यकेशीच्या पुलाजवळ धुकं होतं, तिथं काच अचानक पुन्हा अंधुक झाली. एसीही पुसेना. हात फिरवला तर आतून कोरडी. गार झालेल्या काचेवर दव बाहेरून बसलं होतं. वायपरचा एक फटका मारला, झालं. मग हवेचा रोख काचेवरून पायाकडे वळवला.

पन्नासच्या वर गेलो नाही. हत्तरगीच्या टोल नाक्यानंतर थांबलो, काटा पाहिला, नळीखाली कोरडं आहे ना ते टॉर्चनं पाहिलं. बोटं इतकी बधिर होती की टॉर्चचं बटण दाबायला दोनदा प्रयत्न करावा लागला. तेव्हा दहा मिनिटं गाडीभोवती फेऱ्या मारल्या. बोटांना ब्रेक आणि स्टिअरिंग कळत नसेल तर गाडी चालवायची नाही, एवढं ठरवलं होतं. वंटमुरीचा घाट उतरलो, काकती आली, शहराचे दिवे दिसले.

उद्यमबागेत गेटवर वॉचमन मामांनी गाडीत डोकावून पाहिलं. मी जॅकेटची चेन उघडली तसे पेपर बाहेर पडले. ते म्हणाले, "रात्रभर पेपर वाचत आलास काय रे?"

त्या दिवशी दोन्ही नळ्या नवीन बसल्या, कुलंट भरलं. बाटली मी स्वतः काढली, आत तांदूळ आणि साबणाचं पाणी घालून खळखळून घासली. तरी डाग पूर्ण गेला नाही. आता संध्याकाळी बाटली हलवूनच बघतो.