हाउसबोट ठरवताना पहिला प्रश्न: रात्री बोट कुठे बांधणार?

"अलेप्पीला एक रात्र हाउसबोटीवर राहायचं ठरवलंय. फोटो तर सगळ्या बोटींचे सारखेच दिसतात. बुक करताना नेमकं काय विचारायचं?"

रात्री बोट कुठे बांधणार, हे सगळ्यात आधी विचारा. पलंग, पडदे, वरचा डेक हे सगळं नंतर. वेळेचा हिशोब मांडला की कारण लगेच कळतं. अलेप्पीत साधारणपणे दुपारी १२ वाजता बोटीवर घेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला उतरवतात. म्हणजे २१ तास. त्यात दुपारच्या जेवणाला बोट तासभर काठाला लागते. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास फिरणं बंद होतं, कारण त्यानंतर कोळी पाण्यात जाळी टाकतात आणि बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं की दोघांचंही नुकसान. सकाळी न्याहारी आटोपून जेटीपर्यंत परत यायचं, तो तासभर धरा. बेरीज केली तर बोट चालते जेमतेम साडेपाच तास. बाकीचा वेळ तुम्ही एका जागी बांधलेल्या बोटीत असता, आणि ती जागा कुठली यावर तुमची रात्र अवलंबून असते.

अलेप्पीतल्या पुन्नमडा तलावाच्या जेटीजवळ बोटी एकमेकींना खेटून ओळीने लागतात. शेजारच्या बोटीचा जनरेटर तुमच्या खिडकीशी येतो. एसी त्यावरच चालत असेल तर रात्रभर घरघर आणि डिझेलचा वास, शिवाय गाणी असली तर तीही. त्यापेक्षा कैनकरीकडचा एखादा कालवा किंवा आर ब्लॉककडचा भातशेतीचा बांध केव्हाही बरा. तिथे शेत पाण्याच्या पातळीच्या खाली असतं आणि बांधावर उभं राहिलं की एका बाजूला वर पाणी, दुसऱ्या बाजूला खाली भात असं दिसतं. म्हणून विचारताना "छान जागा आहे ना?" असं विचारू नका. गावाचं नाव विचारा, शेजारी किती बोटी असतात ते विचारा आणि एसी जनरेटरवर चालतो की काठावरच्या विजेवर, तेही विचारा. काही मालकांनी स्वतःच्या धक्क्यावर वीज घेतलेली असते. तिथली झोप वेगळीच. एसीची वेळही लिहून घ्या. स्वस्तातल्या बोटींत तो बहुधा रात्री ९ ते सकाळी ६ एवढाच असतो आणि दुपारी खोली तापलेली असते.

आता बोट. जुनी केट्टुवळ्ळम म्हणजे भात वाहून नेणारी लाकडी नाव. फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याने बांधलेल्या. आजच्या बोटी त्याच आकारावर वाढवलेल्या आहेत. एक-दोन खोल्यांची बोट त्यामानाने कमी रुंद कालव्यातही वळते. पाच-सहा खोल्यांची मोठी बोट मोठ्या जलमार्गातून बाहेर पडत नाही. दुमजली बोटीवरून नजारा मोठा दिसतो, पण ठेंगणा पूल आला की मार्ग बदलावा लागतो. शेअरिंगची बोट स्वस्त पडते, मात्र जेवणाची वेळ, आवाज आणि डेक सगळं अनोळखी लोकांबरोबर.

मार्गाच्या बाबतीत एक गैरसमज पक्का आहे: हाउसबोट गावातल्या गल्लीसारख्या कालव्यातून जाते, हा. जात नाही. ती पुन्नमडा, वेंबनाड हे तलाव आणि रुंद कालवे यांतूनच फिरते. घराच्या दारात भांडी घासणारी बाई, पाण्याला टेकलेली पायरी, बदकांचे थवे हे जवळून बघायचं असेल तर शिकारा किंवा लहान वल्ह्याची होडी घ्यावी लागते. तिचे पैसे भाड्यात धरलेत का, हे आधीच विचारा. जलपर्णीचीही चौकशी करा. भाताच्या हंगामात वेंबनाडवरचा तण्णीरमुक्कमचा बंधारा बंद ठेवतात, म्हणजे समुद्राचं खारं पाणी आत येत नाही. जलपर्णी खाऱ्या पाण्यात मरते, गोड्यात फोफावते. ती पंख्यात गुंतली की बोट मध्येच थांबते आणि आचारीसुद्धा काठी घेऊन पुढे येतो.

जेवणाचं उदाहरण घेऊ. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन लहान मुलं असे सहाजण, आजी-आजोबा शाकाहारी. दोन खोल्यांची बोट पुरते, पण तिसरी गादी मिळेल का, ते विचारून घ्या. दुपारी बहुधा भात, सांबार, भाजी, पापड आणि करिमीन हा तिथला मासा. मासा माणशी एकच तुकडा का दोन, हे विचारायला लाजू नका. मध्ये काठावरच्या दुकानापाशी बोट थांबवून "कोळंबी घ्या, ताजी आहे" म्हणतात. ते पैसे वेगळे, आणि भाव पक्का ठरवल्याशिवाय वजनकाट्याजवळ जाऊ नका. स्वयंपाकघर एकच आणि तवाही बहुधा एकच. आजी-आजोबांसाठी वेगळी कढई लागेल, रात्री चपाती लागेल, मुलांसाठी तिखट कमी हवं, हे आदल्या दिवशी कळवा. जिन्नस बोट सुटण्याआधी भरतात. पाण्यात मध्यावर गेल्यावर कणीक कुठून आणणार? स्वयंपाकात खोबरेल तेल चालत नसेल तर तेही तेव्हाच सांगा.

संध्याकाळच्या सुरक्षेत बोट चालत असतानापेक्षा बांधल्यानंतरची काळजी जास्त. काठ आणि बोट यांच्यात फूटभर फट राहते, वरून एक ओली फळी टाकलेली असते आणि अंधार पडतो. आजोबा काठावर फेरफटका मारायला निघणार ते याच वेळी. त्यामुळे फळीवर दिवा हवा आणि पलीकडे कर्मचाऱ्याचा हात हवा. बोटीचा पुढचा भाग बघा: अनेक बोटींना तिथे कठडा अर्धाच असतो, कधी नसतोही. चार वर्षांच्या मुलाला बसेल एवढं लाइफ जॅकेट आहे का, हे चढतानाच मुलाला घालून बघा. मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटतं. पाणी उथळ दिसलं तरी काठाशीच एकदम खोल होतं आणि तळाला गाळ असतो, म्हणून पाय सोडून बसण्यापुढे जाऊ नये.

गॅस आणि आचारी मागच्या टोकाला, बैठक पुढच्या टोकाला आणि खोल्या मध्ये, अशी रचना असते. आग मागे लागली तर बाहेर पडायची वाट पुढेच. म्हणून झोपण्याआधी अग्निशामक कुठे आहे आणि खोलीची खिडकी पूर्ण उघडते का, एवढं बघा. रात्री कर्मचारी बोटीवरच झोपणार का, हेही आधी विचारून ठेवा. काठाच्या बाजूच्या खिडकीशी मोबाइल आणि पर्स ठेवू नका.

कागदपत्रांत बोटीचा नोंदणी क्रमांक आणि किती माणसांची परवानगी आहे एवढं मागा. ७ मे २०२३ ला मलप्पुरम जिल्ह्यात तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ जण दगावले. ती हाउसबोट नव्हती, पण तीत परवानगीपेक्षा जास्त माणसं होती. आपल्या सहा माणसांवर "आणखी दोन चालतील" म्हणणाऱ्या मालकाकडे बुकिंग करू नये.

आगाऊ रक्कम भरण्याआधी हे सगळं एकाच संदेशात लिहून पाठवा: बोट बांधण्याची जागा, एसीची वेळ, शिकाऱ्याचे पैसे, मासा माणशी किती, मुलांची जॅकेटं, नोंदणी क्रमांक. उत्तरात नुसतं "सर, सगळं इन्क्लुडेड आहे" आलं तर दुसरी बोट बघा.