५०८ रुपयांची पेटी

आमच्या कंपनीच्या कपड्याच्या साबणाची पेटी बार्शीच्या आमच्या वितरकाला, म्हणजे शेठना, ५१४ रुपयांना पडायची. पांगरीच्या एका किराणा दुकानात तीच पेटी ५०८ रुपयांना आली होती. कंपनीचा अधिकृत वितरक ज्या भावाने माल विकत घेतो, त्याहून सहा रुपये स्वस्त भावाने रस्त्याकडेच्या छोट्या दुकानदाराला माल मिळतोय, हे गणित बसत नव्हतं. २०१८ च्या जुलैमध्ये मी सोलापूर जिल्ह्याचा सेल्स ऑफिसर होतो. पेटी आली कुठून ते शोधण्यात तो सगळा दिवस गेला.

आधी सरळ मार्गाचा हिशेब सांगतो. सगळे भाव करासकट आहेत. दहा रुपयांच्या साठ वड्या म्हणजे पेटीची छापील किंमत ६०० रुपये. शेठ ५१४ ला घेणार, दुकानदाराला ५४० ला देणार. त्यांना पेटीमागे २६ रुपये, म्हणजे साधारण पाच टक्के. त्या दिवसांत दुकानदारासाठी पेटीमागे दहा रुपयांची स्कीम होती. ते दहा रुपये शेठनी बिलातच सोडायचे, मग कंपनीकडे क्लेम लावायचा. म्हणजे दुकानदाराला पेटी ५३० ला पडून ७० रुपये सुटायचे, आणि वर उधारी. आमच्याकडे बिल टू बिल चालायचं: सेल्समन पुढच्या फेरीला आला की जुन्या बिलाचे पैसे द्यायचे, नवा माल घ्यायचा. कागदावर हे आठ दिवस असतात, प्रत्यक्षात पंधरा होतात.

पांगरीचं दुकान एक काकू चालवतात. आमच्या सेल्समनशी त्यांचं चांगलं होतं, तरी महिनाभर त्यांनी साबणाची ऑर्डर दिली नव्हती. मी सरळच विचारलं.

"साहेब, लपवायचं काय त्यात? येडशीकडून गाडी येती. रोख दिलं की पाचशे आठ," त्या म्हणाल्या.

"मग शॅम्पूच्या लड्या, भांड्याचा साबण?"

"ते गाडीवाला आणत नाही. त्याच्याकडं फक्त चालणारा माल. ते तुमच्याकडून घेते की. उधार मिळतंय."

काकूंचं वागणं पूर्ण रास्त होतं. पेटीमागे २२ रुपये जास्त सुटत असतील तर कोणताही दुकानदार रोख मोजेल. मला बोचलं ते दुसरंच. आठवड्यात विकून पैसे हातात देणारा साबण गाडीवाला घेऊन जात होता आणि कपाटात दोन-दोन महिने बसणारा माल, तोही उधारीवर, शेठच्या वाट्याला राहत होता.

दुकानात रिकामी पेटी पडलेली होती. तिच्यावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यातलं उत्पादन आणि बॅच नंबर छापलेला होता. बार्शीच्या गोडाऊनमध्ये तेव्हा मे महिन्याचा माल होता, म्हणजे ही पेटी आमच्याकडून फिरून आलेली नव्हती. पुण्याजवळच्या डेपोत फोन लावला. डेपो चालवणारा एजंट मालाचा मालक नसतो. तो माल ठेवतो, कंपनीच्या नावाने बिल फाडतो, गाडी भरतो आणि त्याची फी घेतो. पण कुठली बॅच कुठल्या गाडीत चढली हे त्याच्याकडेच कळतं. ती बॅच मोजक्याच पार्ट्यांना गेली होती, आणि त्यातली जवळजवळ सगळी लातूर जिल्ह्यातल्या एका सुपर स्टॉकिस्टला. बिलांच्या तारखा २८ ते ३० जून.

जिथे गावं लहान आणि लांब असतात तिथे कंपनी थेट प्रत्येक गावात वितरक नेमत नाही. एक सुपर स्टॉकिस्ट डेपोतून माल उचलतो आणि आसपासच्या बाजारगावांतल्या सब-स्टॉकिस्टना देतो. सब-स्टॉकिस्ट दुकानांत पोचवतो. सुपर स्टॉकिस्टला पेटी ५०१ ला पडायची आणि त्याने ती सब-स्टॉकिस्टला ५१४ ला द्यायची. तेरा रुपये, अडीच टक्क्यांच्या आसपास. किरकोळ दुकानदाराला किंवा होलसेलरला विकण्याची त्याला परवानगीच नसते.

दुपारी मी लातूर जिल्ह्यातल्या मुरूडला गेलो. गाडी जिथून सुटायची तो होलसेलर शोधायला त्रास झाला नाही. बाजारात सगळ्यांना माहीत असतं, फक्त कंपनीच्या माणसाला कोणी आपणहून सांगत नाही. मी ओळख लपवली नाही. त्यांनी चहा सांगितला आणि म्हणाले, "साहेब, बिल मागू नका, बाकी काय पाहिजे ते विचारा." ते ४९८ ला घेत होते, ५०८ ला देत होते. पेटीमागे दहा रुपये, म्हणजे दोन टक्के. उधारी नाही, सेल्समन नाही, एक्सपायरी परत घेणं नाही. सकाळी भरलेली गाडी संध्याकाळी रिकामी, तोच पैसा दुसऱ्या दिवशी पुन्हा मालात.

आता खरा प्रश्न हा की ५०१ ला घेतलेली पेटी सुपर स्टॉकिस्ट ४९८ ला का विकतो. उत्तर त्याच गावातल्या आमच्या सब-स्टॉकिस्टकडे मिळालं. माझ्या फोनवर कंपनीच्या प्रणालीत त्यांच्या नावावर जूनच्या शेवटच्या तीन दिवसांत ३०० पेट्या दिसत होत्या. ते आकडा बघून गप्प झाले, मग आपली फाइल काढली. बिलं ४० पेट्यांची होती. उरलेल्या २६० त्यांच्या नावावर दाखवून थेट होलसेलरकडे गेल्या होत्या. कराच्या विवरणात असा माल नोंदणी नसलेल्या ग्राहकांना विकल्याचं दाखवता येतं. तिथे फक्त एकत्रित रक्कम लागते, दुकानाचं नाव लागत नाही. त्यामुळे सब-स्टॉकिस्टला त्याचा पत्ताही लागला नव्हता.

आता पैसे मोजा. ४९८ ला विकताना तीन रुपये तोटा. पण ज्या दुकानांपर्यंत स्कीम पोचलीच नाही त्यांच्या नावाने पेटीमागे दहा रुपयांचा क्लेम. वर तिमाहीचा स्लॅब: ३० जूनपर्यंत ठरलेला आकडा गाठला तर सगळ्या खरेदीवर एक टक्का, म्हणजे पेटीमागे पाच रुपये. तीन वजा, पंधरा जमा, हातात बारा. सरळ मार्गाने तेरा मिळत होते, पण त्यासाठी सब-स्टॉकिस्टला पंधरा दिवस उधार द्यावं लागायचं. इथे बारा रुपये त्याच दिवशी रोख, आणि या पेट्यांमुळे आकडा गाठला गेल्यावर बाकीच्या प्रत्येक पेटीवरही पाच रुपये जास्त. त्या माणसाला लबाड म्हणून मोकळं होता येईल, आणि खोटे क्लेम ही लबाडीच आहे. पण त्याच्या खरेदीचा मोठा भाग शेवटच्या तीन दिवसांत कंपनीनेच त्याच्या गळी उतरवलेला होता. एवढा माल त्याच्या सब-स्टॉकिस्टच्या दुकानांतून महिनाभरात उठणंच शक्य नव्हतं. उचलला तेव्हाच तो होलसेलला जाणार हे ठरलं होतं, आणि त्याला उचलायला लावणाऱ्याला हे कळत नव्हतं असं मी मानत नाही.

संध्याकाळी बार्शीला शेठच्या गोडाऊनमध्ये बसलो. आठवडाभरापूर्वी त्यांनी एजन्सी सोडण्याचं पत्र दिलं होतं आणि आमच्या वरिष्ठांचं मत होतं की शेठचा कामातला रस संपलाय. त्यांनी वही पुढे केली.

मार्चपर्यंत महिन्याची विक्री २० लाख. त्यावर सुटणारे लाखभर रुपये. सेल्समन, टेम्पो, ड्रायव्हर, गोडाऊन भाडं, हिशेबनीस मिळून ६५ हजार खर्च. उरायचे ३५ हजार, वर्षाचे चार लाख वीस हजार. गुंतलेला पैसा १८ लाख: सात लाखांचा माल, दहा लाखांची बाजारातली उधारी, लाखभर क्लेम. म्हणजे २३ टक्के परतावा. वितरक टिकतो तो एवढ्यावर.

जूनमध्ये विक्री १४ लाख, नफा ७० हजार. खर्च मात्र ६२ हजारांवरच अडकला, कारण दुकानं तेवढीच, रस्ते तेवढेच. उरले आठ हजार. आणि गुंतवणूक कमी व्हायला हवी होती ती उलट साडेअठरा लाखांवर गेली. जलद फिरणारा साबण गेल्याने गोडाऊनमध्ये सावकाश विकणारा माल साचला होता, दुकानदार साबणाच्या पैशातून जुनं बिल चुकवायचे ते लांबायला लागलं होतं, आणि क्लेम दीड लाखांवर थकले होते. परतावा पाच टक्क्यांच्या आसपास. शेठनी बँकेचं कॅश क्रेडिट घेतलं होतं, त्याचं व्याजच याच्या दुप्पट.

"तुम्ही म्हणता विक्री वाढवा," शेठ म्हणाले. "उधारी वाढवली तर विक्री उद्या वाढेल. पण साहेब, पैसा माझा आहे. कंपनीला मी आगाऊ भरतो, तुम्ही माझा क्लेम दोन महिन्यांनी देता."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं. वितरकाची ताकद मार्जिनच्या टक्क्यात कमी आणि पैसा किती वेळा फिरतो यात जास्त असते. पाच टक्के वर्षातून तेरा-चौदा वेळा मिळाले तर धंदा होतो, नऊ वेळा मिळाले तर जेमतेम खर्च निघतो. भाव पाडून आलेली गाडी आधी त्या फेऱ्याच कमी करते.

मी रात्री बसून बॅच नंबर, पेटीचे फोटो, डेपोच्या तारखा आणि त्या ४० पेट्यांच्या बिलांचा अहवाल पाठवला. पहिलं उत्तर थंड होतं. लातूरकडच्या त्या खरेदीवर आमच्या विभागाचा जूनचा आकडा उभा होता, आणि तो आकडा वर आधीच गेला होता. दुसऱ्यांदा मी फक्त क्लेमची रक्कम लिहिली: जी स्कीम एकाही दुकानाला मिळाली नाही तिच्यासाठी कंपनी किती देणार आहे. ते लगेच वाचलं गेलं. सुपर स्टॉकिस्टला ताकीद मिळाली, त्या तिमाहीचे क्लेम रोखले आणि एका दुकानाच्या नावावर स्कीमच्या जास्तीत जास्त किती पेट्या लागतील यावर मर्यादा आली. महिनाअखेरचं गळी उतरवणं बंद झालं नाही. सप्टेंबरच्या शेवटी गाडी पुन्हा आली, भाव ५१६ होता.

तोपर्यंत शेठनी पत्र मागे घेतलं होतं, पण स्वतःच्या अटींवर. साबणाला त्यांनी रोखीचा वेगळा भाव काढला, ५२२. उधारी हवी असेल तर ५३०. पंधरा दिवस वाट बघण्यापेक्षा आठ रुपये सोडणं त्यांना परवडत होतं. ५१६ आणि ५२२ मधले सहा रुपये सोडून बरेचसे दुकानदार परत आले, कारण शेठचा माणूस फुटलेली वडी बदलून देतो आणि गाडीवाला पुढच्या वेळी येईलच असं नसतं. दुसरी अट त्यांनी कंपनीला लेखी घातली: मागच्या महिन्याच्या क्लेमची क्रेडिट नोट खात्यात आल्याशिवाय नव्या महिन्याची स्कीम ते आपल्या खिशातून बिलात सोडणार नाहीत. वरून दोनदा फोन आले, शेठ हलले नाहीत. ऑक्टोबरची स्कीम बार्शीत १२ तारखेला सुरू झाली, क्रेडिट नोट आली त्या दिवशी.