रागाचा आवक नंबर

चार्जरची पिन फोनला लावायची, वायरीखाली काडेपेटी आडवी सरकवायची आणि 'टुंग' वाजलं की श्वास रोखून मागे सरायचं. जूनमध्ये हा प्रयोग रोज चालायचा. मग देवगडहून फोंडा घाट चढून फोन कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरला गेला, चार्जिंग बोर्ड बदलून आला, आणि ऑगस्टमध्ये काडेपेटी पुन्हा जागेवर.

रात्री ईमेल लिहायला बसलो. 'आपला बेजबाबदार कारभार', 'ग्राहकाची क्रूर थट्टा' असं बरंच उतरलं. शेजारचे काका तहसील कचेरीतून निवृत्त. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं आणि विचारलं, "ह्या सगळा ठीक. पण रागाक आवक नंबर पडता काय रे?"

मग त्यांनी जुनी जॉबशीट मागितली. तिच्यावर बिघाड म्हणून नुसतं 'चार्जिंग प्रॉब्लेम' लिहिलेलं. काकांची बोटं तिथेच थांबली. तक्रार नवी धरली की सगळं पहिल्यापासून सुरू. म्हणून बिघाड तोच, शब्दही तेच, आणि मधले दिवस मोजून सांगायचे. शेवटी ईमेल एवढाच उरला:

'विषय: वॉरंटीत तोच बिघाड दुसऱ्यांदा, जॉबशीट क्रमांकासह.
खरेदी 2 नोव्हेंबर 2024, वॉरंटी एक वर्ष. 18 जून 2025 रोजी पिन तिरकी धरल्याशिवाय चार्जिंग होत नसल्याने फोन जमा केला. चार्जिंग बोर्ड बदलून 27 जूनला परत मिळाला. 9 ऑगस्टला, म्हणजे 43 दिवसांत, तोच बिघाड पुन्हा. कृपया याची नोंद पुनर्दुरुस्ती म्हणून घ्यावी व लेखी उत्तर द्यावे. बिल, जॉबशीट आणि बिघाडाचा व्हिडिओ सोबत.'

आयएमईआय क्रमांक राहिलाच होता. `*#06#` दाबायला गेलो तर फोनने मान टाकलेली. बायकोने माळ्यावरून खोका काढला. त्याच्या लेबलवर पंधरा आकडे होते, सिम दोन म्हणून क्रमांकही दोन. बिलावरच्याशी ताडून दोन्ही घातले.

खरी धाकधूक वेगळीच होती. आमच्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा पाझरतं, आणि पाणी गेलेल्या फोनला वॉरंटी नाही. माझ्या फोनच्या सिमच्या खाचेत एक इवलंसं पांढरं स्टिकर आहे. पाणी लागलं की ते लाल होतं. नुसत्या दमट हवेने सहसा होत नाही. बॅटरी मारून पाहिलं, पांढरंशुभ्र! तोही फोटो जोडला, आणि फोन जमा करताना 'स्टिकर पांढरे' असं जॉबशीटवर लिहून घ्यायचं ठरवलं. नाहीतर घाटावरच्या माणसाला समुद्राचं गाव ऐकूनच पाणी दिसायचं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: फोन घेऊन या, दुरुस्ती विनाशुल्क. काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "प्रिंट काढ. फाइलीक लाव."