पासबुकवर शाखेचा पत्ता एक, नोंदीत दुसरा: दुरुस्तीसाठी लिहिलेलं पत्र

नव्या नोकरीत पगारखात्याचा तपशील देताना पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत जोडली होती. लेखा विभागाने ती परत केली. आयएफएससी टाकल्यावर त्यांना शाखेचा जो पत्ता दिसत होता, तो पासबुकवर छापलेल्या पत्त्याशी जुळत नव्हता. खातं माझंच, नंबर बरोबर, नावही बरोबर, तरी शाखा कोणती हा प्रश्न उरत होता.

सगळ्यात आधी मी कोड ताडून पाहिला. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचव्या जागी शून्य आणि शेवटची सहा शाखेची. पासबुकवरची शेवटची सहा आणि बँकेच्या संकेतस्थळावरची सहा सारखीच निघाली, म्हणजे शाखा तीच होती, फक्त जागा बदलली होती. ही सहा अक्षरं वेगळी असती तर शाखा दुसरीत विलीन झाली आहे का किंवा खातं दुसरीकडे वर्ग झालं आहे का, हे आधी विचारावं लागलं असतं आणि पत्रातली मागणीही वेगळी झाली असती. म्हणून पत्र लिहायला बसण्याआधी हे एवढं पाहून घ्याच.

काउंटरवर तोंडी सांगितलं तेव्हा पत्ताबदलाचा फॉर्म आणि आधारची प्रत मागितली गेली. 'पत्ता दुरुस्त करायचा आहे' असं म्हटलं की समोरच्याला खातेदाराचा पत्ता वाटतो, आणि त्यासाठी केवायसीची कागदपत्रं लागतात. तो फॉर्म भरून दिला असता तर माझ्या घरच्या पत्त्याची नोंद विनाकारण उघडली गेली असती, आणि शाखेचा पत्ता होता तसाच राहिला असता. मग दुसऱ्या एकाने जुना पत्ता पेनाने खोडून नवा लिहून देण्याची तयारी दाखवली. शिक्का आणि अधिकाऱ्याची सही नसलेली खाडाखोड कोणीच ग्राह्य धरत नाही, म्हणून मी ती नाकारली आणि लेखी अर्ज दिला:

"प्रति, शाखा व्यवस्थापक.
विषय: पासबुकवर छापलेला शाखेचा पत्ता दुरुस्त करण्याबाबत (खातेदाराच्या पत्त्यात कोणताही बदल नाही).
महोदय, माझं आपल्या शाखेत बचत खातं आहे. खाते क्रमांक व ग्राहक क्रमांक खाली दिले आहेत. माझ्या पासबुकवर शाखेचा जुना पत्ता छापलेला आहे. बँकेच्या संकेतस्थळावर याच आयएफएससीपुढे शाखेचा सध्याचा पत्ता आहे. या फरकामुळे माझी कागदपत्रं परत आली आहेत. कृपया शाखेच्या नोंदीतील पत्ता तपासून सध्याच्या पत्त्यासह नवं पासबुक द्यावं. त्यास वेळ लागणार असल्यास, जुना व नवा पत्ता एकाच शाखेचा असल्याचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर, शिक्का व सहीनिशी द्यावं.
सोबत: पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत, संकेतस्थळावरील पानाची छापील प्रत."

विषयातला तो कंस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अर्ज ज्या टेबलावर जातो, तिथे बरेचदा विषयाची ओळ वाचूनच तो कोणाकडे द्यायचा हे ठरतं. लेटरहेडवरच्या पत्राची मागणीही पहिल्याच अर्जात करावी, कारण पासबुक अडलं तरी आपलं काम त्या पत्रावर पुढे सरकतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, आणि तेव्हा हीच पोच पुरावा म्हणून लागते.

मला तिथवर जावं लागलं नाही. पण नवं पासबुक छापून आलं तेव्हा त्यावरही जुनाच पत्ता होता! अधिकाऱ्यांनी पडद्यावर पाहिलं आणि कारण सांगितलं: पासबुक छापताना पत्ता ज्या नोंदीतून उचलला जातो, ती नोंदच बदललेली नव्हती, आणि ती बदलण्याचा अधिकार शाखेला नव्हता. त्यांनी माझ्या अर्जाची प्रत जोडून क्षेत्रीय कार्यालयाला कळवलं आणि मला तोवर लेटरहेडवर पत्र दिलं. त्यात जुना पत्ता, नवा पत्ता, आयएफएससी आणि माझा खाते क्रमांक हे चारही एकत्र आहेत, हे मी तिथेच उभं राहून वाचून घेतलं. नुसता नवा पत्ता लिहिलेलं पत्र जुन्या पासबुकशी जोडता आलं नसतं. लेखा विभागाने ते पत्र आणि पासबुकची प्रत एकत्र स्वीकारली.

नोंद बदलल्यावर पासबुक पुन्हा छापून मिळालं. जुनं पासबुक जमा न करता त्यावर 'रद्द' शिक्का मारून मागून घेतलं, कारण मागच्या व्यवहारांच्या नोंदी त्यात आहेत. चेकबुकवर अजून जुनाच पत्ता आहे. त्यावरचे आयएफएससी आणि एमआयसीआर कोड बदललेले नसल्याने ते चेक चालतील, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. नवं चेकबुक आलं की त्यावरचा पत्ता तपासून घेईन.