तिरप्या फोटोतल्या भिंतीवर बोर्ड बसवताना : माझा अनुभव

धुळ्यात आग्रा रोडला येऊन मिळणाऱ्या गल्ल्या सरळ आहेत, पण अरुंद. कॅप्टन ब्रिग्जने १८१९ च्या सुमारास ही पेठ आखली तेव्हा फ्लेक्सचा फोटो काढायला मागे सरकावं लागेल असा विचार कुणी केला नसणार. भिंतीच्या समोर उभं राहून ती अख्खी फोटोत येतच नाही. मग फोटो बाजूने, तिरपाच काढायचा आणि त्यावर बोर्ड बसवून दुकानदाराला दाखवायचा. बोर्ड खोटा दिसायला लागतो तो याच टप्प्यावर. बहुतेक जण डिझाइन उचलतात, चार कोपरे ओढून अंदाजाने भिंतीवर टेकवतात. कडा भिंतीच्या रेषांशी जुळलेल्या असतात, तरी काहीतरी खटकत राहतं. खटकतं ते लांबी-उंचीचं प्रमाण आणि भिंतीवरची जागा, कारण या दोन्ही गोष्टी नजरेने ठरवलेल्या असतात.

माझी पद्धत साधी आहे. मी फोटोवर बोर्ड बसवतच नाही, अख्खी भिंत बसवतो. बोर्ड त्या भिंतीवर आधीच मापात चिकटवलेला असतो.

उदाहरण म्हणून कोपऱ्यावरच्या एका दुकानाची गल्लीकडची भिंत घेऊ. टेपने मोजलेली लांबी २४ फूट, जोत्यापासून स्लॅबच्या खालच्या कडेपर्यंत उंची १२ फूट. बोर्ड १२ बाय ४ चा, भिंतीच्या बरोबर मध्ये, खालची कड ७ फुटांवर. टेप लावायला गेलो की एखाद्या खिडकीची रुंदी आणि तिचं कोपऱ्यापासूनचं अंतरही लिहून आणतो. पुढे ताळा घ्यायला तीच मापं कामी येतात.

फोटो मोबाइलच्या साध्या 1x कॅमेऱ्यानेच काढायचा. 0.5x ने भिंत मावते खरी, पण कडेच्या वस्तू ताणल्या जातात आणि सरळ रेषांना बाक येण्याची शक्यता वाढते. रेषा वाकली की पुढचं सगळं गणित कोसळतं, कारण ते सरळ रेषेच्या भरवशावरच चालतं. फोटो संगणकावर फोटोशॉपमध्ये उघडला की आधी स्लॅबच्या कडेवर `Line` टूलने एक रेघ टाकून बघतो. रेघ दोन्ही टोकांना जुळते आणि मधे भिंत फुगलेली दिसते, असं असेल तर `Filter > Lens Correction` मध्ये `Remove Distortion` थोडं सरकवून ती सरळ करतो. हे बोर्डाच्या आधी करायचं, नंतर नाही.

आता भिंतीचे चार कोपरे. वरचे दोन सहसा स्पष्ट असतात. खालचे ओट्याआड, गटारीआड किंवा लावून ठेवलेल्या मोटारसायकलींआड जातात. दिसत नाहीत म्हणून अंदाजाने बिंदू ठेवायचा नाही. `Image > Canvas Size` ने कॅनव्हास ज्या बाजूला भिंत लांब जाते तिकडे वाढवायचा आणि भिंतीतल्या आडव्या रेषा पुढे ओढायच्या : स्लॅबची कड, छज्जाची कड, खिडकीची चौकट, जोतं. प्रत्यक्षात समांतर असलेल्या या रेषा फोटोत एकाच बिंदूकडे धावतात, तोच व्हॅनिशिंग पॉइंट. रेषा लांब घ्यायच्या आणि एकमेकींपासून दूरच्या घ्यायच्या. खिडकीच्या दोन जवळजवळच्या रेषांवरून बिंदू काढला तर टोक एक-दोन पिक्सेल चुकलं तरी बिंदू कुठल्या कुठे जातो. स्लॅब आणि जोतं या जोडीत तेवढीच चूक फारसं बिघडवत नाही. गटारीची कड, रस्ता आणि विजेच्या तारा यांच्यावर विश्वास नको. गटारीला उतार असतो आणि तार झोळ घेते. बिंदू मिळाला की जोत्याचा जेवढा भाग दिसतो त्यावरून या बिंदूपर्यंत रेषा ओढायची. भिंतीची उभी कड खाली वाढवली की ती या रेषेला जिथे छेदते, तोच खालचा कोपरा.

बिंदू बरोबर आहे का, याची एक झटपट खूण आहे. कॅमेरा सरळ समोर धरलेला असेल तर हा बिंदू डोळ्याच्या उंचीवर येतो. आपण पाच-साडेपाच फुटांवर मोबाइल धरला तर भिंतीवरच्या तेवढ्याच उंचीची रेषा फोटोत आडवी दिसली पाहिजे. तिच्या वरच्या रेषा लांबच्या टोकाकडे खाली उतरतात, खालच्या वर चढतात. आपला बोर्ड ७ फुटांपासून सुरू होतो, म्हणजे त्याच्या दोन्ही कडा लांबच्या टोकाकडे खालीच उतरायला हव्यात. खालची कड वर चढताना दिसली तर कोपरे चुकले.

मोबाइल वर कलवून फोटो काढला असेल तर उभ्या रेषाही वर जवळ येतात. कल थोडा असेल तर मी तो तसाच ठेवतो. अख्खी भिंत बसवण्याच्या पद्धतीला त्याने फरक पडत नाही, कारण उतार चार कोपऱ्यांतच येऊन जातो. भिंत मागे कोसळल्यासारखी वाटत असेल तरच `Lens Correction` मधल्या `Vertical Perspective` ने उभी करतो.

यानंतर भिंतीचा कागद. नवीन फाइल 2400 × 1200 पिक्सेल, पार्श्वभूमी पारदर्शक, म्हणजे १ फुटाला १०० पिक्सेल. बोर्डाचं डिझाइन 1200 × 400 करून डावीकडून 600 आणि वरून 100 पिक्सेलवर ठेवायचं. वरून १०० कसे? भिंत १२ फूट, बोर्डाची वरची कड ११ फुटांवर, म्हणून वर एक फूट उरतो. याच फाइलमध्ये एका वेगळ्या लेअरवर एकेक फुटाच्या रेघांची जाळी आखतो. ती तात्पुरती.

फोटोच्या फाइलमध्ये हा कागद `File > Place Embedded` ने आणला की तो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून येतो. `Ctrl+T`, राइट क्लिक, `Distort`, आणि कागदाचे चार कोपरे भिंतीच्या चार कोपऱ्यांवर नेऊन ठेवायचे. संपलं. बोर्ड आपोआप मापात आणि जागेवर बसतो. स्मार्ट ऑब्जेक्टचा फायदा असा की दुकानदाराने रंग बदलायला सांगितला तर लेअरच्या चित्रावर डबल क्लिक करून आत बदल करायचा, सेव्ह करायचं. कोपरे पुन्हा जुळवावे लागत नाहीत आणि अक्षरंही पुन्हा पुन्हा ओढून फाटत नाहीत.

आता जाळी चालू ठेवून खिडकी बघायची. टेपने चार फूट आलेली खिडकी जाळीत चार चौकटी भरते का? भरत असेल तर जाळी बंद. चौकटी साडेतीनच भरल्या, तर लांबचा कोपरा चुकलाय किंवा भिंतीची लांबी मोजताना पिलर सुटलाय. ही तपासणी मी कधीच गाळत नाही, कारण कोपऱ्यातली चूक नुसत्या बोर्डाकडे बघून कळत नाही.

नजर किती फसते ते आकड्यांत बघा. समजा या फोटोत भिंतीची जवळची कड १२०० पिक्सेल उंच आहे, लांबची ६००, आणि दोन्हींमधलं अंतर ९०० पिक्सेल. भिंतीचा मध्य कुठे? नजर म्हणते ४५० वर. खरा मध्य जवळच्या कडेपासून ६०० पिक्सेलवर आहे. भिंतीचे दोन कर्ण काढा, ते तिथेच छेदतात. उभ्या कडा समांतर असतील तर कुठलीही जागा या सूत्राने निघते :

```
t = k*s / (1 + (k-1)*s)
```

यात `s` म्हणजे जवळच्या कडेपासून प्रत्यक्ष अंतराचा भाग, `k` म्हणजे जवळची उंची भागिले लांबची उंची, आणि `t` म्हणजे फोटोतला भाग. इथे `k` दोन आहे. बोर्ड ६ फुटांवर सुरू होतो, म्हणजे `s` ०.२५, `t` ०.४, फोटोत ३६० पिक्सेल. तो १८ फुटांवर संपतो, तिथे `t` ०.८५७ आणि फोटोत सुमारे ७७१ पिक्सेल. म्हणजे बोर्डाचा जवळचा अर्धा भाग २४० पिक्सेल रुंद आणि लांबचा अर्धा १७१. अंदाजाने काम करणारा दोन्ही अर्धे सारखे करतो आणि बोर्ड २२५ ते ६७५ मध्ये बसवतो. दुकानाच्या नावातली शेवटची अक्षरं मग पसरट दिसतात, ती याच कारणाने.

याच आकड्यांत ग्राहकाची नेहमीची तक्रारही दडलेली आहे. बोर्ड ४११ पिक्सेल रुंद दिसतो आणि जवळच्या कडेला ३२० उंच. १२ बाय ४ चा बोर्ड जवळपास चौकोनी वाटतो. मग फोन येतो, "भाऊ, हाऊ बोर्ड इतला बारीक का दिखी ऱ्हायना? बारा फूटना शे ना?" इथे बोर्ड ताणून द्यायचा मोह टाळायचा. तिरप्या बाजूने गल्लीत येणाऱ्याला तो तसाच दिसणार आहे. नाव वाचता येत नसेल तर अक्षरं मोठी करायची किंवा मजकूर कमी करायचा. फोटोतला आकार मी बदलत नाही.

`Filter > Vanishing Point` मी फक्त बोर्ड कोपऱ्यावरून वळणार असेल तेव्हाच वापरतो. एक प्लेन आखून तिच्या कडेवरचा मधला बिंदू `Ctrl` दाबून ओढला की काटकोनातली दुसरी प्लेन निघते आणि डिझाइन कोपऱ्यावरून वळतं. जाळी लाल किंवा पिवळी झाली तर प्लेन चुकलेली आहे. निळी झाली म्हणजे बरोबरच, असं मात्र नाही. शिवाय त्याला फूट-इंच कळत नाहीत आणि निकाल साध्या पिक्सेलमध्ये मिळतो. म्हणून ते आधी रिकाम्या लेअरवर करायचं.

लोखंडी चौकटीवरचा ग्लो साइन बोर्ड भिंतीपासून पुढे असतो. त्याची जाडीची पट्टी दिसली नाही तर तो भिंतीवर रंगवल्यासारखा वाटतो. पुढच्या बाजूच्या आडव्या कडा भिंतीच्याच व्हॅनिशिंग पॉइंटकडे जातात. जाडीच्या कडा मात्र दुसऱ्या, काटकोनातल्या बिंदूकडे. तो शोधायला छज्जाची बाजूची कड किंवा शटरच्या खाचेतली कड पुढे ओढतो. उजेड ज्या बाजूने येतो त्याच्या उलट बाजूला बारीक सावली, लेअर `Multiply` वर. बोर्डासमोरून जाणाऱ्या तारा मास्कने पुन्हा वर आणायच्या, नाहीतर त्या बोर्डामागे गेल्यासारख्या दिसतात.

छपाईला जाते ती सपाट 12 × 4 ची मूळ फाइल, आणि चौकटीवर दुमडायला चारही बाजूंनी जादा कापड किती सोडायचं ते चौकट करणाऱ्याला विचारून. त्या जादा भागात रंग जातो, अक्षर जाऊ द्यायचं नाही.