चंद्र सुंदर आहे ना?

जपानी शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी एक गोष्ट ऐकायला मिळते. 'आय लव्ह यू'चं जपानी भाषांतर एका विद्यार्थ्याने शब्दशः केलं, तेव्हा इंग्रजीचे शिक्षक नात्सुमे सोसेकी त्याला म्हणाले, जपानी माणूस असं बोलत नाही. 'त्सुकि गा किरेइ देसु ने' एवढं लिही, पुरे. म्हणजे, 'चंद्र सुंदर आहे, नाही का?' सोसेकी हे इथले, जपानमधले फार मोठे कादंबरीकार. १९८४ पासून पुढची वीस वर्षं हजार येनच्या नोटेवर त्यांचाच चेहरा छापला जात होता. ते खरोखरच इंग्रजी शिकवत, त्यामुळे गोष्ट पटते.

पण सोसेकींच्या लेखनात हा प्रसंग कुठेही सापडत नाही. ते १९१६ साली वारले आणि ही गोष्ट छापील रूपात दिसू लागते ती १९७०च्या दशकात. तेव्हाच्या एका रूपात तर चंद्र सुंदर नव्हे, निळा आहे. आजचं वाक्य पुढे इंटरनेटने घरोघरी पोचवलं. तेव्हा 'जुन्या काळचे जपानी लोक असंच प्रेम व्यक्त करत' असं कुणी सांगितलं, तर मानू नका. हे वाक्य चालतं ते दोघांनाही गोष्ट माहीत असते म्हणून. ती माहीत नसेल, तर चंद्र हा फक्त चंद्र.

याला द्यायचं उत्तरही ठरलेलं आहे: 'शिन्देमो ई वा', म्हणजे 'आता मरण आलं तरी चालेल'. त्याची हकीगत मला अधिक आवडते, कारण तिला खरा कागद आहे. जपानी लेखक फुताबातेइ शिमेइ यांनी तुर्गेनेव्हच्या 'आस्या' या रशियन कथेचा अनुवाद केला, तो १८९६ साली प्रसिद्ध झाला. एकांतातल्या भेटीत नायिका जेमतेम एकच शब्द पुटपुटते, 'तुमची...'. फुताबातेइंनी त्या जागी लिहिलं, 'मरण आलं तरी चालेल'. मुळात 'आय लव्ह यू' नव्हतंच; होतं ते स्वतःला पूर्ण सोपवून देणं, आणि त्यांनी नेमकं तेच पकडलं. ही दोन वाक्यं सवालजवाबासारखी जोडली ती नंतरच्या लोकांनी.

नकाराची उत्तरंही लोकांनी रचली आहेत. 'हात पोचत नाही म्हणूनच तो सुंदर आहे' हे त्यातलं एक. मला यातली माणुसकी भावते. विचारणाऱ्याने काही मागितलेलंच नसतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दोघं ऑफिसात शेजारी बसून काम करू शकतात.

मग हे प्रेम आहे की नुसता चंद्र, हे ओळखायचं कसं? आधी पंचांग बघा. जुन्या चांद्र कालगणनेतल्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या रात्री इथे त्सुकिमी, म्हणजे चंद्रदर्शन असतं. बहुतेक वर्षी आपल्या कोजागिरीच्या साधारण महिनाभर आधी. खिडकीशी सुसुकी नावाच्या गवताचे तुरे आणि तांदळाच्या पिठाचे पांढरे गोळे मांडतात. त्या रात्री आमच्या इमारतीतल्या आजी लिफ्टमध्ये भेटेल त्याला हे वाक्य म्हणतात, माझ्या नवऱ्यालाही! तिथे त्यांना 'हो ना, खरंच' एवढंच ऐकायचं असतं. पण आभाळ गच्च भरलंय, चंद्राचा पत्ता नाही, सोबत तिसरं कुणी नाही आणि तरीही कुणी हेच म्हणालं, तर मात्र थांबून त्याच्याकडे बघा.

अर्थात जपानी तरुण केवळ सूचकतेवर जगतात असंही नाही. इथे 'कोकुहाकु' नावाचा अगदी थेट प्रकार आहे. समोर उभं राहून 'मला तू आवडतेस, माझी गर्लफ्रेंड होशील का?' असं विचारायचं, होकार मिळाला की त्या दिवसापासून दोघं 'जोडी'. आपल्याकडे मुलं वर्षभर घुटमळतात, त्या मानाने हे किती स्वच्छ! लग्नाच्या मागणीत मात्र जुनी वळणं ऐकू येतात. 'रोज माझ्यासाठी मिसोचं सार करशील का?' हे त्यातलं प्रसिद्ध. आजच्या मुलींना ते रुचत नाही आणि मला त्यांचं पटतं, कारण त्यात प्रेमासोबत स्वयंपाकघराची कायमची नेमणूकही येते.

शेजारच्या कोरियात 'रामेन खाऊन जाणार का?' हा असाच प्रसिद्ध इशारा. त्याचा उगम मात्र नक्की सांगता येतो: २००१ सालच्या एका चित्रपटात नायिका घरी सोडायला आलेल्या नायकाला रामेन खाणार का, असं विचारते. पुढे लोकांनी ते किंचित बदलून उचललं. फरक असा की चंद्राचं वाक्य मनातलं सांगतं. रामेनचं वाक्य आजची रात्र इथेच थांब, असं सुचवतं. तेव्हा सोलमध्ये कुणाला साध्या भुकेपोटी घरी जेवायला बोलवायचं असेल, तर रामेन सोडून दुसऱ्या कुठल्या तरी पदार्थाचं नाव घ्या.