बुडाला म्हणजे पास

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. शिबिरात माझं टेबल अगदी सुरुवातीला असतं. बोट टोचायचं आणि रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडायचा. पंधरा सेकंदांत तळाला गेला तर हिमोग्लोबिन निदान साडेबारा आहे, रक्त देता येतं. तरंगला तर नाही.

डिसेंबरात एका कॉलेजच्या शिबिरात टेबल मांडत होते, तेवढ्यात त्याचा मेसेज आला.

‘मॅडम, आज बरोबर ९० दिवस झाले. गणपतीच्या मंडपात तुम्ही माझं बोट टोचलं होतं. थेंब बुडाला तेव्हा मी घाबरून विचारलं, नापास का? तुम्ही म्हणालात, अहो, बुडाला म्हणजे पास! तेव्हापासून जो बुडालोय, तो अजून वर आलेलो नाही. पुरुषाला ९० दिवसांनी पुन्हा रक्त देता येतं ना? अकराला पोचतो.’

आता ‘मॅडम’ तो फक्त चिडवायला म्हणतो. तीनदा वाचला मी तो मेसेज. त्या दिवशी रक्त देऊन झाल्यावर मिळालेला बिस्किटाचा पुडा त्यानं न फोडता माझ्या टेबलावर आणून ठेवला होता. ‘तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाहीये,’ म्हणाला. आणि ते खरं होतं.

अकराला आला. थेंब सोडला, तो अर्ध्यापर्यंत गेला, थबकला आणि हळूहळू वर आला.

थेंबात हवेचा बुडबुडा अडकला तरी असं होतं. शिवाय एकाच बाटलीत पंचवीसेक थेंब पडले की पाणी बदलावं लागतं. म्हणून नवं पाणी घेतलं, दुसरा थेंब सोडला. तोही वर. मग मशीनवर पाहिलं: ११.८.

‘एवढा बुडालोय, तरी?’ तो हसला. मला हसू येईना.

दिलेल्या रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, तांबड्या पेशी काही आठवड्यांत. पण त्यांच्याबरोबर गेलेलं लोह शरीराच्या साठ्यातून येतं, आणि साठा आधीच तोकडा असेल तर तीन महिने पुरत नाहीत. ९० दिवस ही कमीत कमी मुदत आहे. त्याचं जेवण मेसचं, आणि जेवल्या जेवल्या चहा. चहामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. आमच्या निम्म्या भेटी त्या चहावरच्याच. हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

डॉक्टरांनी फॉर्मवर ‘तात्पुरते अपात्र’ लिहिलं आणि लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी सांगितली. तो रक्त न देताच गेला, पण जाताना बिस्किटाचा पुडा ठेवून गेला.

रात्री उत्तर लिहिलं: ‘आज तरंगलास, म्हणून नापास. उद्या उपाशीपोटी तपासणीला ये. चहा आता जेवणानंतर दोन तासांनी, मीही तेव्हाच घेईन. पुढच्या वेळी बोट मीच टोचणार. आणि मी गणपतीपासून तळालाच आहे, अहो.’